हात दिसले पाहिजेत

व्हिडिओ कॉलवर टॅरो वाचायला बसलं की सगळ्यात आधी टेबल हरवतं. समोरासमोर बसलेलं असताना टेबल दोघांचं असतं. पत्ते कुठे आहेत, कोण पिसतंय, कुठला पत्ता कुठून निघाला, हे समोरच्याला न सांगता दिसत असतं. कॉलवर तेच टेबल एका चौकटीएवढं उरतं, आणि चौकटीबाहेर जे काही घडतं ते समोरच्याच्या दृष्टीने घडलेलंच नसतं. किंवा त्याहून वाईट, लपवून केलेलं असतं.

मी सिल्लोडमधून काम करते. सोमवार ते शुक्रवार पुण्याच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर, आणि रविवारी संध्याकाळी दोन रीडिंग. दोनच, कारण तिसऱ्याला डोकं चालत नाही. क्लायंट बहुतेक ओळखीतून आलेले असतात आणि बहुतेक मराठीच असतात. कुणी पिंपरीत, कुणी बंगळुरात, काही थेट परदेशात. सिल्लोडमध्ये समोर बसून टॅरो वाचून घेणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही, त्यामुळे माझी सगळी वाचनं पडद्यावरचीच.

हे पत्ते भविष्य सांगतात असं मी मानत नाही. हे इथेच सांगते, कारण क्लायंटलाही मी पहिल्या दोन मिनिटांत सांगते. आमचे पप्पा अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांची पुस्तकं वाचणारे. डॉ. दाभोलकरांची हत्या झाली त्याच वर्षी, २०१३च्या डिसेंबरात, जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला, तेव्हा घरात पेढे आले नाहीत, पण त्यांनी पेपर जपून ठेवला होता. माझ्या रविवारच्या उद्योगाला ते ‘पत्त्यांचा क्लास’ म्हणतात. मला विचाराल तर माणूस चित्राकडे शांतपणे बघतो तेव्हा स्वतःशी थोडं खरं बोलतो, एवढंच यात आहे. पण एवढंच असेल, तर चित्र नीट दिसलं पाहिजे आणि शांतपणा टिकला पाहिजे. कॉलवर नेमक्या याच दोन गोष्टी बिघडतात.

आजीला पहिल्यांदा कॅमेऱ्याची मांडणी दाखवली तेव्हा तिला आठवडी बाजारातला पोपटवाला आठवला. पिंजऱ्याचं दार उघडायचं, पोपट बाहेर यायचा, रांगेतलं एक पाकीट चोचीने ओढायचा आणि परत आत जायचा. आजी म्हणाली, “त्याच्यावर इस्वास नव्हता माय, पण पाकीट पोपटानं वढलं हे समद्यांनी पाह्यलेलं असायचं.” मला यात माझ्या कामाचं अख्खं सूत्र सापडलं. अर्थावर वाद घाला, पण पत्ता कसा निघाला यावर शंका राहता कामा नये.

मी स्वतः एकदा पैसे देऊन एका बाईंकडून ऑनलाइन वाचून घेतलं होतं. त्यांचा चेहरा छान दिसत होता, मागे मेणबत्त्याही होत्या. पत्ते मात्र कॅमेऱ्याच्या खाली कुठेतरी पिसले जात होते. मध्येच एक पत्ता वर यायचा, दोन सेकंद हलायचा, चकाकायचा आणि खाली जायचा. त्या चांगलं बोलल्या असतील, पण अर्धा तास मी एकच विचार करत होते की तो पत्ता खरंच पिसण्यातून आला की त्यांनी निवडला. शंका एकदा मनात शिरली की माणूस ऐकत नाही, तपासत बसतो.

पत्ता हातात धरून लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर नेणं मला पटत नाही, त्याची तांत्रिक कारणंही आहेत. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा फोकस बहुधा कायमचा ठरलेला असतो, तुमच्या चेहऱ्याच्या अंतरासाठी. पत्ता त्याच्या जवळ नेला की चित्र मोठं होतं पण धूसर होतं. हात थोडा तरी हलतोच. आणि मागची खोली दिसू नये म्हणून ‘बॅकग्राउंड ब्लर’ चालू ठेवलेलं असेल तर मजाच. ॲप माणूस शोधतं आणि बाकीचं सगळं पुसतं. पत्ता त्याच्या लेखी माणूस नसतो, त्यामुळे तो अर्धा दिसतो, अर्धा हवेत विरघळतो. रीडिंगला बसण्याआधी हे ब्लर बंद करणं पहिलं काम.

म्हणून पत्ते टेबलावर, आणि कॅमेरा वरून खाली बघणारा. मी एकाच कॉलमध्ये दोन यंत्रं जोडते. लॅपटॉपवर चेहरा आणि आवाज, आणि स्टँडवर आडवा टाकलेला फोन, ज्याचा मागचा कॅमेरा सरळ खाली टेबलाकडे. फोनचा माइक बंद आणि स्पीकरही बंद, नाहीतर दोन यंत्रं एकमेकांचा आवाज पकडून अशी शिट्टी घालतात की शेजारचं कुत्रं उठून बसतं. क्लायंटला फोनची खिडकी ‘पिन’ करायला सांगायची, म्हणजे त्याच्या पडद्यावर टेबल मोठं आणि माझा चेहरा कोपऱ्यात लहान. काही जणांना चेहरा मोठा हवा असतो. त्यांना मी म्हणते, पत्ता मांडला की टेबल, बोलायला लागलो की चेहरा.

फोन असा पालथा धरला की एक जुनाट गंमत होते. फोनला उभं-आडवं कळतं ते गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून. जमिनीला समांतर ठेवला की त्याला वरची बाजू कुठली ते कळत नाही, आणि चित्र अचानक नव्वद अंशांत फिरतं. कॉलच्या मध्यात असं झालं तर क्लायंटला वाटतं, टेबलच कुणीतरी उलटलं. उपाय सोपा आहे. फोन आधी आडवा, पण सरळ हातात धरायचा, चित्र आडवं झालं की ऑटो-रोटेट बंद करायचं आणि मगच स्टँडमध्ये अडकवायचा.

आता प्रश्न येतो किती पत्ते मांडायचे. टॅरोचे एकूण ७८ पत्ते. मी वापरते तो रायडर-वेट संच, जो १९०९ साली लंडनच्या रायडर कंपनीने काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. तिच्याआधीच्या बहुतेक संचांत साध्या पत्त्यांवर नुसते चार पेले किंवा सहा तलवारी छापलेल्या असत. तिने तिथे माणसं आणि प्रसंग काढले. म्हणूनच पत्ता न शिकलेल्या माणसालाही चित्रात काहीतरी दिसतं. पण ते दिसायला चित्र पुरेसं मोठं लागतं, आणि इथे सगळ्यांच्या लाडक्या ‘सेल्टिक क्रॉस’चा निकाल लागतो.

सेल्टिक क्रॉसमध्ये दहा पत्ते असतात. मधे एक क्रॉस आणि उजवीकडे एकावर एक चार पत्त्यांचा उभा खांब. पत्ता साधारण ७ सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच. चार पत्ते एकाखाली एक म्हणजे सुमारे ५० सेंमी. व्हिडिओची चौकट १६ : ९ असते, तेव्हा ५० सेंमी उंची बसवायची तर रुंदी जवळजवळ ९० सेंमी होते. समोरच्याने फोन उभा धरला असेल तर त्याचा पडदा असतो ७ सेंमी रुंद. म्हणजे ९० सेंमीचं टेबल ७ सेंमीत कोंबलं, आणि एक पत्ता उरला अर्धा सेंटीमीटर रुंद. तांदळाच्या दाण्याएवढ्या चित्रात कुणाला काय दिसणार? बोलणारा बोलत राहतो आणि ऐकणारा ‘हो हो’ करत राहतो.

तीन पत्ते शेजारी शेजारी, मधे थोडी जागा सोडून मांडले तर चौकट ३२ सेंमी रुंद पुरते. तोच फोन, तोच उभा पडदा, पण पत्ता आता दीड सेंटीमीटरचा. क्लायंटने फोन आडवा केला तर अडीच-पावणेतीन सेंमीचा, आणि लॅपटॉपवर असेल तर सोनंच. म्हणून मी कॉलवर तीनच पत्ते मांडते. खोली कमी होते असं काही जण म्हणतात. दिसत नसलेल्या दहा पत्त्यांपेक्षा दिसणारे तीन खोल असतात, असं माझं मत. कॅमेऱ्याची उंची यातूनच ठरते. माझ्या फोनला ही चौकट एक फूट उंचीवरून मिळते. तुमचा फोन थोडा वेगळा असेल, पण टेबलावर ३२ सेंमीची पट्टी ठेवून ती कडेकडेला टेकेपर्यंत स्टँड वर-खाली केला की झालं. मग त्या चौकटीचे चार कोपरे कापडावर खडूने खुणा करून ठेवायचे. पत्ता, गठ्ठा, माझे दोन्ही हात, सगळं त्या खुणांच्या आत.

प्रकाशाचं मात्र खोलीनुसार बदलतं. पत्त्यांना चकचकीत थर असतो, आणि आपल्या घरांत ट्यूबलाइट डोक्यावर असते. कॅमेराही वर, लाइटही वर, मग पत्ता आरशासारखा तो प्रकाश थेट कॅमेऱ्यात परत पाठवतो आणि चित्राच्या मधोमध पांढरा डाग पडतो. शिवाय फोनची स्वतःची सावली पत्त्यावर. यावर माझी एक युक्ती आहे. पत्ता ठेवायच्या जागी पावडरच्या डबीतला छोटा आरसा ठेवायचा आणि फोनच्या पडद्यावर बघायचं. आरशात दिवा किंवा खिडकी दिसली, तर पत्त्यावर तिथेच डाग पडणार. आरशात नुसतं काळपट छत दिसेपर्यंत दिवे हलवायचे. माझ्याकडे छताचा लाइट बंद असतो, आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन साधे अभ्यासाचे दिवे, पत्त्याच्या पातळीपेक्षा थोडेच वर, तिरके. आरसा काढून ठेवायला विसरायचं नाही, नाहीतर क्लायंट त्यालाही काहीतरी अर्थ लावतो.

आणि काळं मखमल नको. फोटोंत भारी दिसतं म्हणून सगळे घेतात. पण फोन चौकटीतला एकूण उजेड बघून स्वतःच चित्र उजळ-मंद करतो. चौकट बहुतांश काळी दिसली की त्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो, आणि पत्त्यावरचे पिवळे आणि पांढरे रंग उडून जातात. मी आजीच्या जुन्या राखाडी शालीचा तुकडा अंथरते. दिसायला गूढ नाही, पण पत्ता पत्त्यासारखा दिसतो.

हे सगळं जमलं की नाही ते क्लायंटलाच विचारायचं, पण ‘दिसतंय ना?’ असं नाही. त्यावर आपली माणसं न दिसतासुद्धा ‘हो’ म्हणतात. मी एक पत्ता ठेवते आणि म्हणते, वर जो रोमन आकडा आहे तो वाचून दाखवा. वाचता आला तर चित्र ठीक, उलटा वाचला तर दिशा चुकलीय. दिशेचं महत्त्व टॅरोत जास्त, कारण पत्ता सुलटा आणि उलटा यांचे अर्थ बरेच जण वेगळे धरतात. फोनची वरची बाजू माझ्यापासून लांब ठेवली की क्लायंटला पत्ता मला दिसतो तसाच दिसतो. प्रत्यक्षात समोर बसलेल्या माणसाला पत्ते नेहमी उलटे दिसतात. कॉलवर तो जणू माझ्या शेजारी बसलेला असतो. ऑनलाइनचा हा एक निखळ फायदा, तो मी सोडत नाही.

ही झाली दिसण्याची बाजू. वेगाची बाजू एका रीडिंगवरूनच सांगते. जिच्यासाठी ते केलं त्या ताईंना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

ताई मूळच्या मराठवाड्यातल्याच, आता डब्लिनमध्ये. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या. हिवाळ्यातला रविवार होता, इकडे रात्रीचे साडेआठ, तिकडे दुपारचे तीन. प्रश्न सरळ होता. आई जाऊन वर्ष झालेलं, बाबा गावी एकटे. त्यांना तिकडे न्यायचं की आपण नोकरी सोडून परत यायचं? “पत्ते काय म्हणतात ते सांग, मी तसं करते,” असं त्या म्हणाल्या. त्यातच बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं का, तेही विचारून झालं.

ऑपरेशनचा प्रश्न मी तिथेच बाजूला काढला. “ताई, तो डॉक्टरांचा प्रश्न आहे, मी त्यावर पत्ता काढत नाही.” ‘हे करू की ते’ यावरही मी काढत नाही. आम्ही प्रश्न बदलून घेतला. पहिल्या पत्त्यात, मी मागे काय सोडून आले. दुसऱ्यात, आत्ता कुठे अडलंय. तिसऱ्यात, माझं काय बघायचं राहिलंय. हे तीन प्रश्न मी तीन चिठ्ठ्यांवर मराठीत लिहून पत्त्यांच्या जागांवर ठेवले, म्हणजे पुढचा अर्धा तास त्यांनाही ते दिसत राहतात.

मग कॉलचे नियम सांगितले. हे मी दर वेळी सांगते, अगदी विमानातल्या सूचनांसारखं. लाइन तुटली तर पत्ते जागचे हलणार नाहीत, मीच परत लावीन. लाइट गेली तर राउटर इन्व्हर्टरवर आहे, दिवा बॅटरीचा लावायला एक मिनिट लागेल. पत्ता ठेवल्यावर मी काही वेळ मुद्दाम गप्प बसेन, ते नेटवर्क गेलेलं नसेल. तुम्हालाही गप्प बसावंसं वाटलं तर बसा. आणि माझी लाइन चालू आहे हे कळावं म्हणून मी मधूनमधून बोटं पत्त्याशेजारी टेकवीन.

या शेवटच्या दोन सूचना मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर फार लहान असतं. दहा भाषांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात ते सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं आढळलं. कॉलवर आवाज पोचायलाच तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढाच. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, ‘तुम्ही बोला’, ‘नाही नाही, तू बोल’. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या सकाळच्या मीटिंगा याच नाचात जातात. त्याहून वाईट म्हणजे उशीर लाइनचा असतो आणि लोक तो समोरच्या माणसाच्या नावावर लिहितात. हा लक्ष देत नाहीये, असं वाटतं. संशोधकांनी हे तपासूनही पाहिलं आहे. रीडिंगमध्ये गप्प बसणं हे अर्धं काम असतं. पण न सांगितलेली शांतता कॉलवर बिघाडासारखी वाटते, आणि घाबरून वाचणारा बोलत सुटतो. आधी सांगितलेली शांतता मात्र शांतताच राहते.

पिसणं चौकटीच्या आत, सावकाश. भराभर पिसलं तर सारं चित्र चौकोनी ठिपक्यांचं होतं, कारण व्हिडिओ पाठवणारं सॉफ्टवेअर दर क्षणी फक्त बदललेला भाग पाठवायचा प्रयत्न करतं, आणि हलत्या हातांत सगळंच बदलत असतं. हात थांबले की एक-दोन सेकंदांत चित्र पुन्हा निवळतं. म्हणून पत्ता ठेवला की हात चौकटीच्या कडेला आणि मनात तीन आकडे. मगच बोलायचं.

‘थांब म्हणाल तिथे थांबते’ हा प्रकार मी कॉलवर करत नाही. त्यांचा ‘थांब’ माझ्यापर्यंत येईतो दोन पत्ते पुढे गेलेले असतात, आणि मग ‘मी तर आधीच म्हटलं होतं’ ही रुखरुख. मी गठ्ठ्याचे तीन ढीग करते आणि प्रत्येकापुढे १, २, ३ अशा चिठ्ठ्या ठेवते. डावा-उजवा विचारायचंच नाही, कुणाचा डावा यातच दोन मिनिटं जातात. ताईंनी दोन म्हटलं. दुसऱ्या ढिगाचे वरचे तीन पत्ते, कापडावरून न उचलता, सरकवत चिठ्ठ्यांखाली नेले. तीनही पालथे. एका वेळी एकच उघडायचा. तीन उघडले की डोळे तिन्हींवर पळतात आणि वेग हातातून जातो.

पहिला एट ऑफ कप्स. रात्र, वर चंद्र, मागे रचून ठेवलेले आठ पेले आणि त्यांच्याकडे पाठ करून काठी टेकत जाणारा माणूस. मी अर्थ सांगत नाही लगेच. “सगळ्यात आधी काय दिसलं?” ताई म्हणाल्या, “पेले पडलेले नाहीत. नीट लावून ठेवलेत.” मग त्या आईबद्दल बोलल्या, निघताना आईने डबे कसे रचून दिले होते ते. दहा-बारा मिनिटं त्यातच गेली. मी फार तर चार वाक्यं बोलले असेन.

दुसरा टू ऑफ सोर्ड्‌स. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, छातीशी दोन तलवारींची फुली, मागे पाणी. हा पत्ता उलटा आला. उलटा आला तर मी तो उलटाच ठेवते आणि बोलून दाखवते, नाहीतर क्लायंटला वाटतं कॅमेरा फिरला. ताई हसल्या. “हे तर माझंच चित्र. उलटं टांगलेलं.” इथे आपला आवाज आपोआप वाढतो, कारण काहीतरी जुळल्यासारखं वाटतं. मी अशा वेळी पाण्याचा घोट घेते, तोही चौकटीत दिसेल असा. घोट घेतला की पुढचं वाक्य खालच्या पट्टीत येतं.

तिसरा फोर ऑफ वॉन्ड्‌स. चार खांब, वर फुलांची माळ, पुढे गुच्छ उंचावणाऱ्या दोन बायका, मागे किल्ल्यासारखं घर. इंग्रजी पुस्तकांत याला घरवापसी, उत्सव असं काय काय म्हटलंय. मराठी माणसाला तो मांडवच दिसतो. ताईंनाही तोच दिसला. “मागे कोण आहेत?” त्यांनी विचारलं. मागे घरापाशी छोटी माणसं काढलेली आहेत, ती व्हिडिओत नुसते ठिपके होतात. पत्ता उचलून कॅमेऱ्याजवळ न्यायचा मोह इथेच होतो. मी दुसऱ्या फोनने त्या पत्त्याचा फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर टाकला. फोटोत व्हिडिओच्या कित्येक पट बारकावा असतो आणि तो बोटांनी मोठा करता येतो. फोटो काढताना पत्ता जागेवरच होता, हेही त्यांनी पाहिलं.

त्या फोटो बघत होत्या. मग थांबल्या. चेहरा स्थिर, डोळे खाली, आवाज काही नाही. अशा वेळी कळत नाही की माणूस थांबलाय की चित्र. ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ हे शब्द जिभेवर येतात, आणि माणूस खरंच थांबला असेल तर त्या एका वाक्याने सगळं मोडतं. मी माणसाकडे न बघता मागे बघते. त्यांच्या मागे खिडकी होती, तिचा पडदा हीटरच्या वाऱ्याने किंचित हलत होता. पडदा हलतोय म्हणजे लाइन जिवंत आहे. पंखा, घड्याळाचा काटा, मागून जाणारं मांजर, काहीही चालतं. मी पत्त्याशेजारी बोटं टेकवली आणि बसून राहिले. कॉलच्या घड्याळावर मिनिटभर गेलं असेल. इकडे बाहेर जळगाव रोडवरचे ट्रक ऐकू येत होते.

मग त्या म्हणाल्या, “सगळे आहेत यात. बाबांना कुणी विचारलंच नाही पण. भाऊ म्हणतो तिकडे ने, आत्या म्हणते तू ये. मीही नाही विचारलं त्यांना, की तुम्हाला कुठे राहायचंय.”

मी यावर काही जोडलं नाही. पत्त्याचा अर्थही सांगितला नाही, त्यांनी विचारलाही नाही. चौथा पत्ता काढून ‘बाबा काय म्हणतील’ ते बघू या का, असं त्यांनी शेवटी विचारलं खरं. मी म्हटलं, “ताई, बाबांकडे फोन आहे ना?” गावी तेव्हा रात्रीचे सव्वानऊ वाजले होते. बाबा दहाला झोपतात म्हणाल्या.

कॉल संपवायचीही एक पद्धत आहे. आधी तिन्ही पत्त्यांचा चिठ्ठ्यांसकट एक फोटो, तो पाठवायचा. मग एकेक पत्ता नाव घेत गठ्ठ्यात परत, तेही चौकटीत. हे घाईत करायचं नाही, कारण समोरचा माणूस एकटाच खोलीत बसलेला असतो, आणि लाल बटण दाबलं की थेट त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन पडतो. दाराशी उभं राहून निरोपाचं दोन मिनिटं बोलणं आपल्याकडे असतंच, ते इथे पत्ते गोळा करताना होतं. ताईंनी विचारलं, तुझ्याकडे थंडी आहे का. मी सांगितलं, पहाटे पडते. शेवटचा पत्ता आत गेला, मी शालीची घडी घातली, आणि त्या म्हणाल्या, “ठेवते गं, नाहीतर झोपतील ते.”